कंपनीची गाडी ऑफिसलाही आणि घरच्या कामालाही: पर्क्विझिट किती धरायचं?

पत्र: कंपनीने १ जुलै २०२५ पासून मला १,४९७ सीसीची पेट्रोल गाडी दिली आहे. कंपनीने ती लीजवर घेतली आहे. लीजचं भाडं महिन्याला ३२,००० रुपये. पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विमा मिळून सरासरी १३,००० होतात. हे सगळं कंपनी भरते. नोव्हेंबरपासून कंपनीने ड्रायव्हरही दिला, त्याचा पगार १८,०००. गाडीने मी पुण्याहून चाकणला ऑफिसला जातो, ग्राहकांकडे नाशिकला आणि संभाजीनगरला जातो आणि सुट्टीत घरच्यांसाठीही ती वापरतो. घरगुती वापरापोटी पगारातून दरमहा २,००० रुपये कापले जातात. आता जानेवारीत पेरोलने मार्चपर्यंतचा हिशेब करून ४,७७,००० रुपये पर्क्विझिट, म्हणजे पगाराशिवाय मिळालेल्या सोयीचं करपात्र मूल्य, धरलंय. ‘लॉगबुक ठेवलेलं नाही, म्हणून पूर्ण खर्च करपात्र’ असं त्यांचं म्हणणं आहे. हे बरोबर आहे का? त्यापेक्षा गाडी स्वतःच्या नावावर घेऊन खर्च कंपनीकडून घेतला तर फायद्याचं होईल का? माझा रोख पगार वर्षाला ३१ लाख आहे आणि मी नवी कररचना घेतली आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर: पेरोलचा आकडा चुकला आहे, आणि चूक मोठी आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी तुमच्या गाडीचं करपात्र मूल्य २०,७०० रुपये येतं. मार्चचा पगार निघायच्या आत हे दुरुस्त करून घ्या, कारण तोपर्यंत दुरुस्ती कंपनीच्याच हातात असते.

४,७७,००० हा आकडा कुठून आला, ते आधी पाहू. नऊ महिन्यांचं भाडं २,८८,०००, पेट्रोल-देखभाल १,१७,००० आणि ड्रायव्हरचा पाच महिन्यांचा पगार ९०,००० मिळून ४,९५,००० होतात. त्यातून तुमच्याकडून कापलेले १८,००० वजा केले की ४,७७,००० उरतात. बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर आहे, पण ही पद्धत फक्त खासगी वापरासाठी दिलेल्या गाडीची आहे. कंपनीने संचालकाच्या घरच्यांसाठी एक गाडी देऊन ठेवली आणि तिचा ऑफिसच्या कामाशी काहीच संबंध नाही, अशा गाडीला ही पद्धत लागते. तिथे चालवण्याचा प्रत्यक्ष खर्च, ड्रायव्हरचा पगार आणि गाडीची झीज धरतात. गाडी कंपनीच्या मालकीची असेल तर झीज म्हणून खरेदी किमतीच्या वर्षाला १० टक्के, भाड्याची असेल तर भाडं. कर्मचाऱ्याकडून घेतलेली रक्कम त्यातून वजा होते. तुमची गाडी या प्रकारात बसत नाही.

आयकर नियम १९६२ मधल्या नियम ३(२) मध्ये गाडीच्या मूल्यासाठी एक तक्ता आहे. कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली गाडी असेल तर तो तीन वाटा देतो. गाडी फक्त ऑफिसच्या कामासाठी असेल तर मूल्य शून्य. फक्त खासगी वापरासाठी असेल तर वर सांगितलेला प्रत्यक्ष खर्च. आणि दोन्हींसाठी असेल तर ठरावीक मासिक रक्कम, मग प्रत्यक्षात खर्च कितीही होवो. इंजिन १.६ लिटरपर्यंतचं असेल तर ही रक्कम महिन्याला १,८०० रुपये, त्यापेक्षा मोठं असेल तर २,४००. कंपनीने ड्रायव्हर दिला असेल तर आणखी ९००. खर्च कंपनी करत असतानाचे हे दर आहेत. खासगी वापराचा सगळा खर्च कर्मचारी स्वतः करत असेल तर १,८०० च्या जागी ६०० आणि २,४०० च्या जागी ९०० धरतात. ड्रायव्हरचे ९०० मात्र तसेच राहतात.

तुमचं इंजिन १,४९७ सीसी, म्हणजे १.६ लिटरच्या आतलं. तरी आरसीवर क्युबिक कपॅसिटीसमोर छापलेला आकडा एकदा डोळ्यांखालून घाला. त्याच नावाची गाडी दोन वेगवेगळ्या इंजिनांत मिळते आणि पेरोलच्या यादीत कधीकधी दुसरंच इंजिन नोंदलेलं असतं. जुलै ते मार्च नऊ महिन्यांचे १,८०० प्रमाणे १६,२०० आणि नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे ९०० प्रमाणे ४,५००, मिळून २०,७००. ड्रायव्हर मध्येच मिळाला, तर ९०० त्या महिन्यापासूनच धरायचे, पूर्ण वर्षाचे नाहीत.

पेरोलचा आकडा आणि हा आकडा यांत ४,५६,३०० रुपयांचा फरक आहे. तुमचं उत्पन्न प्रमाणित वजावटीचे ७५,००० गेल्यावरही २४ लाखांच्या वर राहतं, म्हणून हा सगळा फरक ३० टक्क्यांच्या टप्प्यात येतो. ४ टक्के उपकर धरून दर ३१.२ टक्के. म्हणजे सुमारे १,४२,३६६ रुपये कर तुमच्याकडून जास्त कापला जाणार आहे, तोही जानेवारी ते मार्च या तीन पगारांतून. कररचना नवी की जुनी, याचा गाडीच्या मूल्यावर परिणाम होत नाही. नव्या रचनेत बऱ्याच सवलती गेल्या, पण हा तक्ता दोन्हींना सारखाच लागतो.

आता लॉगबुकचा मुद्दा. पेरोलचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे आणि तो नियमाच्या मजकुराशी जुळत नाही. प्रवासाच्या नोंदी आणि कंपनीचं प्रमाणपत्र नियमाने दोन दाव्यांसाठी मागितलं आहे. पहिला दावा, गाडी पूर्णपणे ऑफिसच्याच कामाला वापरली, सबब मूल्य शून्य धरा. दुसरा दावा, गाडी कर्मचाऱ्याची स्वतःची आहे आणि ऑफिसच्या कामाचा खर्च ठरावीक रकमेपेक्षा जास्त आहे, सबब जास्त रक्कम वजा करा. तुम्ही यांतला एकही दावा करत नाही. घरच्यांसाठी गाडी वापरतो हे तुम्ही मान्यच करताय आणि म्हणून महिन्याला १,८०० करपात्र धरायला तयार आहात. ऑफिसचे किलोमीटर किती आणि घरचे किती, हे हा नियम विचारत नाही. ठरावीक रक्कम ठेवण्यामागे हेतूच तो आहे, की महिन्याच्या प्रत्येक फेरीचा हिशेब मागावा लागू नये.

पण एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. गाडी दोन्हींसाठी आहे, हे खरं असलं पाहिजे आणि दाखवता आलं पाहिजे. ऑफिसच्या वापराचा एकही पुरावा नसेल तर उद्या कर अधिकारी म्हणू शकतो की ही गाडी फक्त खासगी वापराची आहे, आणि मग पेरोलचीच पद्धत लागू होईल. त्यासाठी पूर्ण लॉगबुकची गरज नाही. गाडी देतानाच्या पत्रात किंवा कंपनीच्या कार पॉलिसीत ‘ऑफिसच्या आणि वैयक्तिक वापरासाठी’ असे शब्द असावेत. नसतील तर एचआरकडून तसं पत्र आताच घ्या. नाशिक आणि संभाजीनगरच्या फेऱ्यांचे ईमेल, भेटीच्या नोंदी आणि त्याच तारखांचं फास्टॅगचं स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये ठेवा. एवढं पुरेसं बळ देतं.

चाकणच्या रोजच्या येण्याजाण्याबद्दल एक गैरसमज आहे, तोही दूर करतो. कंपनीच्या गाडीने घरून ऑफिसला जाणं-येणं हा कायद्याच्या दृष्टीने करपात्र लाभ नाही. कलम १७(२) मध्येच तसं स्पष्टीकरण दिलं आहे. तुमच्या हिशेबात त्याने फरक पडत नाही, कारण सुट्टीतला घरगुती वापर आहेच. पण ज्यांची गाडी फक्त घर-ऑफिस आणि ग्राहकांकडे जाते, त्यांना लॉगबुक आणि कंपनीचं प्रमाणपत्र ठेवून मूल्य शून्य दाखवता येतं. तिथे मात्र नोंदी चोख हव्यात. तारीख, कुठे गेलो, किती किलोमीटर आणि किती खर्च झाला, हे चारही रकाने भरलेले पाहिजेत.

तुमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या २,००० रुपयांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. इथे चूक उलट्या दिशेने होते. काही पेरोलवाले ठरावीक रकमेचा हिशेब करतात आणि मग त्यातून कर्मचाऱ्याकडून घेतलेले पैसे वजा करतात. तुमच्या बाबतीत २०,७०० मधून १८,००० काढून २,७०० दाखवले जातील. ते कितीही सोयीचं वाटलं तरी मान्य करू नका. फक्त खासगी वापराच्या गाडीत वसूल केलेली रक्कम वजा करावी, असं नियम स्पष्ट सांगतो. मिश्र वापराच्या गाडीत अशी वजावट दिलेलीच नाही, कारण ठरवलेली रक्कम मुळातच कमी आहे. फॉर्म १२बीएमध्ये ‘कर्मचाऱ्याकडून वसूल’ असा रकाना असल्यामुळे ही चूक सहज होते. रकाना सगळ्या पर्क्विझिटसाठी एकच आहे. तो आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी वजावट मिळते असं नाही.

याचा अर्थ, हे २,००० रुपये देऊन तुम्हाला करात एक पैशाचाही फायदा होत नाही. पॉलिसीत लवचिकता असेल तर ही कपात बंद करून त्याऐवजी सुट्टीच्या फेऱ्यांचं पेट्रोल आणि इतर खर्च स्वतः भरायची मुभा मागा. मग तुम्ही ६०० रुपयांच्या गटात येता. पण त्याआधी हिशेब करा. १,८०० वरून ६०० झाल्यावर करपात्र रक्कम महिन्याला १,२०० ने कमी होते आणि कर सुमारे ३७४ रुपयांनी वाचतो. खासगी वापराचा खर्च महिन्याला ३७४ पेक्षा जास्त असेल, आणि पुण्याहून एका साताऱ्याच्या फेरीतच तो होतो, तर केवळ कर वाचवण्यासाठी तो स्वतः भरणं तोट्याचं आहे. कंपनी काही न कापता खर्च करत असेल तर १,८०० च्या गटातच राहा. तुमच्या बाबतीत २,००० कापले जातातच, म्हणून अदलाबदल करणं शहाणपणाचं. खासगी वापराचा खर्च दरमहा साधारण २,३७४ च्या आत राहत असेल तर स्वतः भरणं परवडतं, त्यावर गेला तर सध्याची कपातच स्वस्त. हा बदल पुढच्या महिन्यांपासून होईल, झालेल्या महिन्यांना मागे जाऊन लावता येणार नाही. आणि ६०० च्या गटासाठी खासगी वापराचा खर्च पूर्णपणे तुम्ही केलेला असला पाहिजे. अर्धं पेट्रोल तुमचं, अर्धं कंपनीचं, हे चालत नाही.

स्वतःच्या नावावर गाडी घेण्याचा विचार तुम्ही केलाय. माझा स्पष्ट सल्ला आहे, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असताना आणि गाडी घरीही वापरायची असताना तसं करू नका. १,८०० हाच आकडा तिथे उलटा वागतो. कंपनीच्या गाडीत १,८०० ही करपात्र रक्कम असते आणि बाकीच्या खर्चावर कर नसतो. तुमच्या मालकीच्या गाडीचा खर्च कंपनीने दिला की १,८०० ही करमुक्त रक्कम असते आणि बाकी सगळं करपात्र. पेरोलमध्ये जे गोंधळ होतात, त्यांतले बरेच या दोन प्रकारांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. ‘लॉगबुक नाही म्हणून पूर्ण खर्च’ हा युक्तिवादही बहुधा तिकडूनच आला असावा.

तुमचेच आकडे घेऊ. पेट्रोल-देखभालीचे १३,००० आणि ड्रायव्हरचे १८,००० मिळून कंपनी महिन्याला ३१,००० देईल. त्यातून १,८०० आणि ९०० वजा होतील, उरलेले २८,३०० करपात्र. त्यावर कर महिन्याला सुमारे ८,८३० रुपये. कंपनीच्या गाडीत २,७०० वर कर लागतो तो सुमारे ८४२. शिवाय गाडीच्या कर्जाचा हप्ता वेगळाच. हप्ता म्हणजे गाडी चालवण्याचा किंवा देखभालीचा खर्च नव्हे. कंपनीने हप्त्याची रक्कम दिली तर ती पूर्ण करपात्र. ३२,००० चा हप्ता धरला तर त्यावरचा कर जवळपास १०,००० होतो.

स्वतःच्या गाडीला लॉगबुकने मदत होते, पण मर्यादितच. समजा महिन्याला १,५०० किलोमीटर होतात आणि त्यांतले ९०० ग्राहकांकडच्या फेऱ्यांचे आहेत, तर ३१,००० पैकी १८,६०० ऑफिसच्या कामाचे दाखवता येतील आणि १२,४०० करपात्र राहतील. कर सुमारे ३,८६९. तरीही कंपनीच्या गाडीच्या चौपटीहून जास्त, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायचं काम तुमच्यावर. स्वतःची गाडी अशा माणसाला परवडते ज्याची गाडी आधीच आहे, हप्ता संपलाय आणि वापर जवळजवळ सगळा ऑफिसचाच आहे.

इथून एक महत्त्वाची तपासणी निघते. लीजचा करार कोणाच्या नावावर आहे, ते स्वतः पाहा. ‘कंपनीने लीजवर घेतली’ असं बोलायची पद्धत असते, पण काही योजनांत करार किंवा कर्ज कर्मचाऱ्याच्या नावावर असतं आणि कंपनी फक्त रक्कम वळती करते. भाडेकरू म्हणून करारात कंपनीचं नाव असेल तरच ती ‘कंपनीने भाड्याने घेतलेली गाडी’ ठरते आणि वरचा २०,७०० चा हिशेब टिकतो.

लीजचं भाडं तुमच्या सीटीसीतून जात असेल तर आणखी एक गोष्ट बघा. ते ३२,००० रुपये एकूण पगारातून कर मोजण्याआधी कमी झाले पाहिजेत. काही ठिकाणी पगार पूर्ण दाखवतात, त्यावर कर कापतात, मग निव्वळ पगारातून भाडं वळतं करतात आणि वर पर्क्विझिटही लावतात. असं झालं तर त्याच पैशावर तुम्ही आधी पूर्ण कर भरलेला असतो. जुलैची आणि जूनची स्लिप शेजारी ठेवा. जुलैपासून एकूण पगार ३२,००० ने कमी झालेला दिसला तर ठीक. एकूण तोच आणि खाली कपातीत लीजचं भाडं दिसलं, तर हा मुद्दाही पत्रात घ्या. तुम्ही लिहिलेल्या २,००० च्या कपातीशी याची गल्लत करू नका.

पेरोलला तोंडी सांगू नका, ईमेल करा. सोबत आरसीची प्रत, लीज कराराचं पहिलं पान आणि गाडी दिल्याचं पत्र जोडा. मजकूर साधा ठेवा: गाडी कंपनीने भाड्याने घेतलेली आहे, वापर मिश्र आहे, खर्च कंपनी करते, म्हणून कलम १७(२)(३) आणि नियम ३(२) च्या तक्त्यातल्या अनुक्रमांक १(क)(१) प्रमाणे मूल्य २०,७०० येतं. इंग्रजीत लिहिताना तो अनुक्रमांक `1(c)(i)` असा लिहा आणि कलम `17(2)(iii)`, म्हणजे पेरोलला थेट तक्त्यात शोधता येईल. शेवटी कलम १९२(३) चा उल्लेख करा. वर्षाच्या सुरुवातीला जास्त किंवा कमी कापलेला टीडीएस त्याच वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत जुळवून घ्यायची मुभा ते कलम कंपनीला देतं. ‘एकदा कापला की आमच्या हातात नाही’ हे उत्तर मार्चपर्यंत तरी लागू पडत नाही.

दुरुस्ती झाली की नाही, हे जूनमध्ये फॉर्म १६ सोबत येणाऱ्या फॉर्म १२बीएमध्ये दिसेल. त्यात गाडीची वेगळी ओळ असते. तिथे मूल्य २०,७०० आणि करपात्र रकमेतही २०,७०० असायला हवेत. ४,७७,००० असतील तर पहिली मागणी सुधारित फॉर्म १६ ची करा, कारण कंपनीने टीडीएस विवरणपत्रात भरलेले आकडेच आयकर खात्याकडे पोचलेले असतात. कंपनी ऐकतच नसेल तर रिटर्नमध्ये पर्क्विझिट २०,७०० दाखवून परतावा मागता येतो. पण मग फॉर्म १६ आणि रिटर्न यांत साडेचार लाखांचा फरक दिसेल आणि विचारणा होऊ शकते. तशी झाली तर उत्तर देणारी कागदपत्रं तीच, आरसी, लीज करार, मिश्र वापराचं पत्र आणि पेरोलशी झालेला पत्रव्यवहार. रिटर्न भरण्याआधी ती एकत्र असू द्या.

कंपनी दुसरी गाडी देऊ करत असेल, घरच्यांसाठी म्हणून, तर एवढं लक्षात घ्या की ठरावीक रकमेची सवलत एकाच गाडीला मिळते. दुसरी गाडी फक्त खासगी वापराची समजून तिचा प्रत्यक्ष खर्च धरला जातो, भले ती अधूनमधून ऑफिसच्या कामाला जात असो.

वरचे सगळे दर ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या महिन्यांचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो, तेव्हा एप्रिलपासूनच्या गाडीचं मूल्य त्या कायद्याखालच्या नियमांतल्या तक्त्याने काढायचं. पेरोलने एप्रिलच्या स्लिपमध्ये जुने दर पुढे ओढले, किंवा नवे दर जानेवारी-मार्चला लावले, तर दोन्ही वेळा लगेच विचारा.